पाईप बंद ठेवून गाडी आणि पार्किंग धुवायची पद्धत, लिटरच्या हिशोबासकट

सोसायटीच्या बोर्डावर "पाईपने गाडी धुवू नये" अशी नोटीस लागते, चार दिवस सगळे बादली घेतात आणि पाचव्या दिवशी पाईप परत बाहेर येतो. कारण बादलीने धुताना लोक दोनपैकी एक चूक हमखास करतात. एक तर बादलीवर बादली ओतत बसतात, म्हणजे पाणी पाईपाइतकंच जातं आणि वर कंबर दुखते. नाहीतर एकाच बादलीत एकच फडकं बुडवून गाडीभर फिरवतात, मग महिन्याभरात रंगावर बारीक ओरखडे दिसायला लागतात आणि "बघा, बादलीने गाडी खराब होते" असं ठरतं. दोन्हीत दोष बादलीचा नाही, कामाच्या क्रमाचा आहे. म्हणून इथे क्रम सांगतोय, आणि प्रत्येक ठिकाणी किती लिटर लागतात तेही.

## १. आधी तुमचा पाईप मोजा

पाईपाला किती पाणी जातं याचा कुणालाच अंदाज नसतो, कारण पाणी वाहून जातं आणि डोळ्यांसमोर काही उरत नाही. एक रिकामी बादली घ्या, बहुतेक बादल्यांच्या तळाला लिटरचा आकडा असतो पण तो अगदी काठापर्यंत भरल्यावरचा असतो, म्हणून एक लिटरच्या बाटलीने पाणी मोजून ओता आणि ५, १० आणि १५ लिटरवर मार्करने आतून रेघा मारा. हे एकदाच करायचंय, नंतर वर्षभर कामाला येतं.

मग पाईप नेहमी जेवढा सोडता तेवढाच सोडून तो बादलीत धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. समजा १५ लिटर भरायला ७५ सेकंद लागले, तर १५ गुणिले ६० भागिले ७५, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. वरच्या टाकीची उंची, पाईपाची जाडी आणि नळ किती उघडलाय यावर हा आकडा बदलतो, त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगचा आकडा तुमच्या कामाचा नाही. खाली सगळा हिशोब मी मिनिटाला १२ लिटर धरून केलाय, तुम्ही तुमचा आकडा घाला.

आता एक छोटी हॅचबॅक पाईपने धुताना नळ किती वेळ चालू असतो ते बघा. सुरुवातीला गाडी भिजवायला ३ मिनिटं, शॅम्पू लावेपर्यंत पाईप खाली पडून वाहतोय ती ६ मिनिटं, परत धुवायला ४ मिनिटं, चाकं आणि मॅट २ मिनिटं. झाली १५ मिनिटं, म्हणजे १८० लिटर. यातले ७२ लिटर गाडीला लागलेच नाहीत, ते पाईप जमिनीवर पडलेला असताना गटारात गेले.

तपासा: पुढच्या वेळी कुणी पाईपने गाडी धुवत असेल तर फक्त घड्याळ लावा, काही बोलू नका. मिनिटं गुणिले तुमचा आकडा केला की जे येतं ते सांगितल्यावर वाद घालायची गरजच पडत नाही.

## २. सामान आधी काढून ठेवा, कारण मधे उठलात की पाणी वाढतं

कारसाठी दोन बादल्या लागतात, एक शॅम्पूच्या पाण्याची आणि एक नुसत्या साध्या पाण्याची. ही दुसरी बादली लोक गाळतात आणि ओरखड्यांची सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. शिवाय चाकांसाठी एक जुना डबा किंवा छोटी बादली, एक लिटरचा मग, मायक्रोफायबरची चार फडकी (दोन धुवायला, दोन पुसायला), चाकांसाठी वेगळं जुनं फडकं आणि एक मऊ ब्रश. फडक्यांचे रंग वेगवेगळे ठेवा, चाकाचं फडकं चुकून बोनेटवर गेलं तर ब्रेकची काळी भुकटी आणि खडे थेट रंगावर घासले जातात.

जुना बनियन किंवा टी-शर्ट चालेल का असं बरेच जण विचारतात. चाकांना आणि मॅटला चालेल, रंगाला नको. सपाट सुती कापडात मातीचा कण लपायला जागा नसते, तो कापड आणि रंगाच्या मधेच राहतो आणि तुम्ही तो गाडीभर ओढत नेता. मायक्रोफायबरच्या केसांत तो आत शिरतो.

शॅम्पू गाडीचाच घ्या. कपड्याची पावडर क्षारीय असते, ती रंगावरचं मेण काढते, आणि पाण्याच्या हिशोबाने तिचा मोठा तोटा म्हणजे फेस. फेस जास्त झाला की तो काढायला पाणी जास्त लागतं. शॅम्पूसुद्धा बाटलीवर लिहिलंय तेवढाच टाका. "जरा जास्त टाकू म्हणजे स्वच्छ होईल" असं करून दोन मग पाणी जास्त जातं, गाडी तेवढीच स्वच्छ होते.

पाणी कुठलं घ्यायचं हेही आधीच ठरवा. बोअरचं आणि टँकरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, थेंब सुकला की पांढरं वर्तुळ राहतं. आरओचं वाया जाणारं पाणी त्याहून जड, कारण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, म्हणून ते चाकं, मॅट आणि पार्किंगच्या फरशीला वापरा, काचेला आणि रंगाला शेवटच्या हाताला नको. याच्या उलट एसीचं पाणी, ते हवेतल्या वाफेचं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतातच. फक्त कॉइलवरची धूळ त्यात उतरलेली असते म्हणून फडक्यातून गाळून घ्या. काचा आणि काळ्या रंगाला शेवटी हे पाणी लावलं तर डाग पडत नाहीत.

सावधान: उन्हात उभी गाडी धुवायला घेऊ नका. बोनेट तापलेलं असलं की शॅम्पू लावता लावता सुकतो, मग तो काढायला दुप्पट पाणी लागतं. हात ठेवून बघा, गरम लागलं तर सावलीत लावून थांबा.

## ३. कार: पहिलं काम मॅट आणि चाकं

मॅट बाहेर काढून भिंतीवर आपटा, ब्रश मारा. कोरडी माती पाणी न लावताच ९० टक्के निघते. भिजवली की तिचा चिखल होतो आणि मग तो धुवायला पाणी लागतं. हा मुद्दा पुढे फरशीलाही येणार आहे: कोरडी असताना जे निघतं ते कोरडंच काढायचं.

पण एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. गाडीच्या रंगावरची धूळ कोरड्या फडक्याने झटकायची नाही. मॅटला ब्रश चालतो कारण तिला ओरखड्याचं काही वाटत नाही, रंगाला वाटतं. रोज सकाळी कोरडं फडकं मारून गाडी "चमकवायची" सवय असेल तर ती आजच बंद करा.

मग चाकं. चाकं आधी, कारण तिथला काळा चिखल उडून बाजूच्या पत्र्यावर येतो, पत्रा आधी धुतला असेल तर परत धुवावा लागतो. छोट्या डब्यात ३ लिटर पाणी घ्या, ब्रश बुडवून चारही चाकं आणि टायर घासा, त्याच पाण्यात फडकं पिळून पुसा. हे पाणी कितीही काळं झालं तरी चाकांना चालतं, बदलायची गरज नाही. झालं की डबा आणि फडकं बाजूला, रंगाच्या जवळ परत आणायचं नाही.

## ४. कार: वरून खाली, दोन बादल्यांनी

पहिल्या बादलीत ६ लिटर पाणी आणि शॅम्पू. दुसरीत ८ लिटर साधं पाणी.

आधी टपावर आणि बोनेटवर एक-दोन मग पाणी सोडा. सोडा म्हणजे लांबून फेकू नका, फेकलेलं पाणी आपटून अर्धं खाली उडतं. मगाचं तोंड टपाच्या कडेला टेकवून हळू तिरका करा, पाण्याची एक पातळ चादर काचेवरून खाली उतरते आणि मोकळी धूळ सोबत घेऊन जाते. एक-दोन मिनिटं भिजू द्या, पक्ष्यांची शिट आणि चिकटलेले किडे असतील तिथे ओलं फडकं नुसतं ठेवून द्या. खरवडू नका, पाच मिनिटांत ते आपोआप मऊ होतं.

आता फडकं शॅम्पूच्या बादलीत बुडवा, न पिळता टपावर ठेवा आणि सरळ रेषेत पुढून मागे न्या. गोल गोल फिरवू नका, गोल ओरखडे उन्हात सगळ्या बाजूंनी दिसतात. अर्धा टप झाला की फडकं आधी साध्या पाण्याच्या बादलीत नीट खळबळून पिळा, मग शॅम्पूत बुडवा, मग उरलेला अर्धा टप. क्रम असा ठेवा: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, दारांचा खालचा भाग, आणि सगळ्यात शेवटी बंपर. दाराचा खालचा एक वीतभर भाग गाडीतला सगळ्यात घाण भाग असतो, रस्त्यावरची वाळू तिथेच बसते. तिथे दुसरं फडकं घ्या.

दर वेळी साध्या पाण्यात खळबळणं हा कंटाळवाणा भाग आहे, पण दोन बादल्यांचा अर्थच त्यात आहे. पाच-सहा वेळा खळबळल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाला हात लावून बघा, बारीक वाळू लागेल. ती वाळू एकाच बादलीत धुतली असती तर परत फडक्यावर चढली असती. म्हणून फडकं बादलीच्या तळापर्यंत ढवळायचं नाही, वरच्या अर्ध्या पाण्यातच खळबळायचं.

शॅम्पू काढायला ५ लिटर पुरतात. टपावर दोन मग, बोनेटवर एक, दोन्ही बाजूंना एकेक, तेच चादरीसारखं सोडायचं. राहिलेला फेस ओल्या, पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. आणि लगेच कोरडं करा, अख्खी गाडी झाल्यावर एकदम नाही, जो भाग धुतला तो पुसून मग पुढचा. जड पाण्याच्या गावात ही एकच सवय डाग टाळते.

हिशोब: चाकं ३, शॅम्पू ६, साधं पाणी ८, शेवटी ५. एकूण २२ लिटर. सुरुवातीचे एक-दोन मग याच शेवटच्या ५ लिटरमधून घेतले तरी चालतात, कारण टिपून घेतल्यावर शेवटी तितकं लागत नाही. पाईपचे १८० आणि हे २२. मोठी एसयूव्ही असेल तर ३० धरा.

तपासा: गाडी सुकल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. पिशवीमुळे खरखर जास्त कळते. खरखर लागली तर माती राहिलीय, तिथे कोरडं फडकं घासू नका, परत शॅम्पूचं ओलं फडकं लावा. ओरखडे बघायचे असतील तर सावलीत मोबाईलचा टॉर्च पत्र्यावर मारा, उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर फडकं खळबळण्यात काहीतरी चुकतंय.

### रोजची पुसणी वेगळी

रोज गाड्या पुसणारे दादा एक बादली घेऊन पाच-सहा गाड्या पुसतात. पाणी खरंच कमी लागतं, पण पहिल्या गाडीची वाळू सहाव्या गाडीवर जाते. याला सोपा उपाय आहे. ५ लिटर पाण्यात जरासा शॅम्पू टाकून दहा-बारा मायक्रोफायबर फडकी एकदम भिजवून ठेवा. एक फडकं काढून हलकं पिळा, चौघडी घाला, म्हणजे आलटून पालटून आठ बाजू वापरायला मिळतात. एक भाग पुसला की बाजू बदला, आठही बाजू झाल्या की ते फडकं बाजूला टाका, बादलीत परत बुडवायचं नाही. हलक्या धुळीच्या गाडीला दोन फडकी पुरतात. पाच गाड्यांना मिळून ५ लिटर, आणि बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ. हे फक्त नेहमीच्या धुळीला, चिखलाच्या गाडीला नाही.

## ५. पाईप कधी लागतो ते मान्य करा

पावसाळ्यात कोकणातून किंवा शेतावरून आलेली गाडी, जिच्या मडगार्डच्या आत चिखलाचे गोळे बसलेत, ती बादलीने धुवायचा हट्ट करू नका. फडक्याने चिखल घासला की ओरखडे पडणारच, आणि आतल्या बाजूला हात पोचत नाही. तिथे प्रेशर वॉशर चांगला. घरगुती मशीनला साधारण मिनिटाला ६ ते ७ लिटर लागतात, म्हणजे उघड्या पाईपाच्या निम्मे, आणि जोर जास्त असल्यामुळे चाकांचे कोनाडे ३ मिनिटांत निघतात. झाले २१ लिटर. बाकी वरची गाडी मग नेहमीसारखी बादलीने. चिखल असलेल्या गाडीचे ४० ते ४५ लिटर होतात, तेवढे होऊ द्या.

मशीनचं तोंड पत्र्यापासून किमान एक फूट लांब ठेवा आणि रंग उडालेल्या कडा, स्टिकर, रेडिएटरची जाळी यांच्यावर थेट मारू नका.

मशीन नसेल तर पाईपाला दाबायची गन लावा, दाबली की पाणी, सोडली की बंद. पण इथे एक गडबड होते. गन बंद केली की सगळा दाब पाईपात येतो आणि नळावर नुसता घुसवलेला पाईप निसटून उडतो, नाहीतर जोडावरून पाणी झिरपत राहतं आणि गन बंद असल्यामुळे कुणाचं तिकडे लक्षच जात नाही. म्हणून नळाच्या टोकाला लोखंडी क्लिप स्क्रू ड्रायव्हरने आवळा.

तपासा: गन बंद करून नळापाशी या आणि अर्धा मिनिट बघा. जोडाखाली ओलं झालं तर क्लिप अजून आवळायची. काम संपल्यावर नळही बंद करा, पाईप दाबाखाली ठेवून जाऊ नका.

## ६. दुचाकी

मोटरसायकल किंवा स्कूटरला ७ लिटर भरपूर झाले, पाईपने पाच मिनिटं धरली तर ६०. इंजिन आणि सायलेन्सर गार होऊ द्या. सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा, किल्लीचं भोक टेपने झाका. सीटपासून सुरुवात करा, मग टाकी, मग बाजूचे पॅनेल आणि शेवटी इंजिनखालचा भाग आणि चाकं, त्याला वेगळं फडकं. बादलीचा इथे आणखी एक फायदा आहे, पाईपाचं पाणी स्विचमध्ये, बेअरिंगमध्ये शिरतं आणि नंतर हॉर्न वाजेनासा होतो, फडक्याचं पाणी तिथे जात नाही.

चेनला शॅम्पूचं पाणी लावून सोडू नका, ती वेगळी साफ करून पुसून चेनचं तेल द्या. ब्रेकच्या डिस्कला पॉलिश किंवा तेल अजिबात लागू देऊ नका. इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली असताना धुवायची नाही, चार्जिंगच्या तोंडाचं झाकण बंद आहे ना ते आधी बघायचं.

सावधान: धुतल्यावर पिशवी आणि टेप काढायला विसरू नका. आणि रस्त्यावर जायच्या आधी पार्किंगमध्येच हळू चालवून दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबा, ओले ब्रेक पहिल्या दोन-तीन दाबांना नीट लागत नाहीत.

## ७. पार्किंग आणि जिना: पाण्याने झाडू नका

फरशी धुताना जास्तीत जास्त पाणी जातं ते घाण धुवायला नाही, ढकलायला जातं. पानं, माती, सिगारेटची थोटकं पाईपाच्या धारेने जाळीकडे ढकलत नेतात. खराट्याने दहा मिनिटांत होणारं काम आहे, आणि ढकललेली माती चेंबरमध्ये बसून पावसाळ्यात तो तुंबतो ते वेगळंच.

२०० चौरस मीटरचं पार्किंग धरा, म्हणजे साधारण २१५० चौरस फूट. पाईपने ४५ मिनिटं लागतात, म्हणजे ५४० लिटर.

बादलीने करायचा क्रम असा. आधी कोरडा खराटा, कोपऱ्यातून मधे. बारीक धूळ उडून गाड्यांवर बसत असेल तर लाकडाचा भुसा पाण्याने जरासा ओला करून (मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकाच) फरशीवर पसरा आणि झाडा, धूळ भुशाला चिकटून येते. भुसा सुपलीने भरून कचऱ्यात, जाळीत नाही.

मग तेलाचे डाग. हे आख्खी फरशी भिजवायच्या आधी, कारण ओल्या फरशीवर तेल पसरतं. डागावर कोरडा भुसा किंवा कोरडी माती टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या. राहिलेल्या डागावर गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ओता, मूठभर सोड्याला दोन लिटर पाणी, हातमोजे घालून कडक ब्रशने घासा आणि जुन्या फडक्याने टिपून घ्या.

आता पुसणं. दोन बादल्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक मॉप पिळायची. आतल्या भिंतीपासून सुरू करून दाराकडे मागे मागे यायचं. बादलीत ८ लिटर घेतले आणि तळ दिसेनासा झाला की पाणी बदलायचं, तेवढ्यात साधारण ५० चौरस मीटर होतं. म्हणजे २०० चौरस मीटरला चार वेळा, ३२ लिटर, आणि डागांचं धरून ४० च्या आत. पाणी काळं झालं तरी "अजून थोडं चालेल" करून तसंच फिरवणं ही इथली नेहमीची चूक, फरशी सुकल्यावर तिच्यावर करडे पट्टे दिसतात आणि मग सगळे म्हणतात पाईपच बरा होता.

जिना वरच्या मजल्यावरून खाली पुसत या, दर दोन मजल्यांना पाणी बदला, चार मजल्यांच्या बिल्डिंगला १० ते १२ लिटर. वरून बादल्या ओतून वायपर मारत आलं तर पाणी लिफ्टच्या दारातून खालच्या खड्ड्यात जातं. तिथे लोखंड, वायरी, स्विच सगळं असतं, लिफ्ट बंद पडते आणि कारण कुणाला कळत नाही. मीटरच्या खोलीसमोरही तेच. या दोन जागांजवळ पाणी ओतायचंच नाही, फक्त पिळलेला मॉप.

सावधान: डाग जात नाही म्हणून ॲसिड ओतू नका. कोटा, शहाबाद आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड, ॲसिड पडलं की फेस येतो, म्हणजे दगडच विरघळतोय. चमक जाते, खडबडीत झालेल्या जागेत माती जास्त बसते आणि पुढे पाणी जास्त लागतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

## ८. एका सोसायटीचा आठवड्याचा हिशोब

समजा २० कार, ३५ दुचाकी आणि वरचंच २०० चौरस मीटरचं पार्किंग. आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी, दोनदा पार्किंग.

पाईपने: कारचे ३६००, दुचाकींचे २१००, पार्किंगचे १०८०. एकूण ६७८० लिटर.

बादलीने: कारचे ४४०, दुचाकींचे २४५, पार्किंगचे ८०, आणि फडकी धुवायचे ६० लिटर. एकूण ८२५.

फरक आठवड्याला जवळपास ६००० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरला तर ४४ माणसांचं एका दिवसाचं पाणी. आणि चार आठवड्यांत १० हजार लिटरचे दोन टँकर वाचून वर थोडं उरतं, उन्हाळ्यात टँकरचा भाव काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५००० रुपये दंड लावला तेव्हा तिथल्या सोसायट्यांना ही सवय घाईघाईने लावावी लागली, घाईत लावलेली सवय टिकत नाही.

टिकवायची असेल तर गाड्या धुणाऱ्या माणसाचा वेळ बघा. पाईपने १५ मिनिटांत होणाऱ्या कारला बादलीने २५ लागतात. महिन्याचे पैसे तेच ठेवून रोज बादलीने धुवा म्हटलं तर काका दोन दिवसांत पाईप काढतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. म्हणून आठवड्यातून एकदाच पूर्ण धुणं, बाकीचे दिवस फडक्यांची पुसणी, असं सगळ्या गाडीमालकांशी आधी बोलून ठरवा. नळ लांब असेल तर पार्किंगमध्ये १०० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवा आणि सकाळी एकदाच भरा, एका दिवसाच्या चार कारना त्यात पाणी पुरतं. ड्रम संपला की दिसतं, नळ चालू असला की दिसत नाही. डास होऊ नयेत म्हणून ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासा.

## ९. शेवटी फडकी

गाडीची फडकी आणि फरशीचा मॉप एकत्र धुवायचे नाहीत. गाडीची फडकी आधी कोरडी झटका, मग छोट्या बादलीत थोड्या साबणाने चोळा आणि एकदा स्वच्छ पाण्यातून काढा, दहा-बारा फडक्यांना ८ ते १० लिटर होतात. कपडे मऊ करायचं लिक्विड टाकू नका, त्याचा थर फडक्याच्या केसांवर बसतो आणि फडकं पाणी टिपेनासं होतं, मग काचेवर रेघा येतात. ही फडकी खळबळलेलं शेवटचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, ते चाकांच्या डब्यात किंवा मॉपच्या बादलीत घ्या. फडकी सावलीत वाळवा आणि खाली पडलेलं फडकं न धुता परत रंगाला लावू नका, त्याच्यात अडकलेला एक खडा दारभर रेघ ओढायला पुरतो.